विश्लेषण : ‘फ्लेमप्रूफ’ मोटर पिठाच्या गोदामातही सुरक्षित असते का?

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्रात स्फोटाचे दोन वेगळे धोके एकाच आवारात आहेत. ५०० मेगावॉटच्या संचांचे जनरेटर थंड ठेवण्यासाठी हायड्रोजन वापरला जातो, तर कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांजवळ बारीक धूळ उडते. पहिला धोका वायूचा, दुसरा धुळीचा. हाच फरक लहान उद्योगांतही असतो. तेल काढण्याच्या कारखान्यात हेक्झेन या द्रावकाची वाफ असते आणि पीठगिरणीत पिठाची धूळ. दोन्ही ठिकाणी ‘फ्लेमप्रूफ मोटर बसवा’ असे सर्रास सांगितले जाते. मात्र दोन्ही जागांची गरज एक नाही.

फ्लेमप्रूफ मोटर नेमके काय करते?

ही मोटर वायूला आत येऊ देत नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे. मोटर चालू-बंद होताना आतली हवा तापते, निवते आणि सांध्यांतून बाहेरची वाफ आत शिरते. ठिणगी पडली तर आत छोटा स्फोट होणार, हे गृहीत धरूनच कवच बनवलेले असते. त्याची कामे दोन. पहिले, तो दाब सोसून न फुटणे. दुसरे, सांध्यातून निसटणाऱ्या ज्वालेला एवढे निववणे की बाहेरची वाफ पेटणार नाही. त्यासाठी झाकण आणि कवच यांच्यात रबरी पट्टीवर भिस्त नसते. घासून सपाट केलेले धातूचे दोन रुंद काठ एकमेकांवर बसतात. ज्वालेला त्या अरुंद फटीतून लांब वाट काढावी लागते आणि तिची उष्णता धातू शोषून घेतो.

फट किती चालते, हे वायूवर ठरते. चाचणीत ०.९ मिलिमीटरपेक्षा मोठ्या फटीतूनही ज्याची ज्वाला बाहेर पडत नाही, तो IIA गटातला. हेक्झेन याच गटात मोडते. हायड्रोजनची ज्वाला सुमारे ०.३ मिलिमीटरच्या फटीतूनही निसटते, म्हणून तो IIC गटात. प्रत्यक्ष मोटरीतली फट याहून बरीच कमी ठेवतात. हेक्झेनसाठी प्रमाणित केलेली मोटर हायड्रोजनजवळ म्हणूनच चालत नाही.

बाहेरचा पृष्ठभाग किती तापतो, हाही प्रश्न आहे. हेक्झेनची वाफ सुमारे २२५ अंशांना ठिणगीशिवायही पेटते. त्यामुळे तिथे पाटीवर `Ex db IIA T3 Gb` अशी खूण हवी. T3 म्हणजे पृष्ठभाग २०० अंशांच्या वर जाणार नाही.

पिठासाठी वेगळे काय?

धुळीच्या बाबतीत तत्त्व उलटे आहे. धूळ आत जाऊच द्यायची नाही आणि बाहेर साचलेला थर तापू द्यायचा नाही. म्हणून तिथे `Ex tb IIIB T125°C Db` अशा खुणेची, धूळबंद मोटर लागते. वायूसाठीचे फ्लेमप्रूफ प्रमाणपत्र तेवढ्यावर पुरत नाही. दोन्ही प्रमाणपत्रे असलेल्या मोटरी मिळतात.

तापमानाचा हिशेब असा. समजा, एखाद्या पिठाचा ढग ३९० अंशांना पेटतो आणि ५ मिलिमीटरचा थर ३०० अंशांना धुमसतो. ढगाच्या आकड्याचे दोन तृतीयांश म्हणजे २६०. थराच्या आकड्यातून ७५ वजा केले की २२५. यातला लहान आकडा, २२५, ही मोटरीची मर्यादा. पण हा हिशेब ५ मिलिमीटरपर्यंतच्या थराचा आहे. थर जाड झाला की तो गोधडीसारखा उष्णता कोंडतो आणि मर्यादा आणखी खाली येते. त्यामुळे मोटरीवरचे पीठ नियमित काढणे हा सुरक्षेचाच भाग ठरतो.

मोटर चांगली असूनही धोका राहतो. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी इंपीरियल शुगरच्या कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ जणांचा मृत्यू झाला. बंदिस्त पट्ट्याचे तापलेले बेअरिंग हे त्याचे संभाव्य कारण असल्याचा निष्कर्ष चौकशीत निघाला.

सुरक्षितता कुठे हरवते?

बहुतेकदा दुरुस्तीत. एक बोल्ट परत न लावणे, काठावर रंग किंवा ओरखडा, साधी केबल ग्लँड, न वापरलेले छिद्र उघडे राहणे, यांपैकी काहीही झाले की कवच साधा लोखंडी डबा उरतो. मोटर मात्र पूर्वीसारखीच फिरते, म्हणून बिघाड कळत नाही. तपासायचे असेल तर वीज तोडून बोल्ट मोजावेत, काठांमधली फट फीलर गेजने पाहून प्रमाणपत्रातल्या आकड्याशी जुळवावी. रिवाइंडिंगही या कामाची माहिती असलेल्या कार्यशाळेतच करावे. तारेची जाडी किंवा वेढे बदलले तर पाटीवरची T3 ही खूण खरी राहत नाही.

पेट्रोलियम नियमांखालील जागांत विजेच्या उपकरणांना नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ची मान्यता लागते. ती त्या मॉडेलला मिळते. तुमच्या शेडमधल्या मोटरीचा एक बोल्ट गळाला, तर ती मान्यता तिथे लागू राहत नाही.