सेन्सेक्स-सोने गुणोत्तर घसरले म्हणजे गुंतवणूकदार घाबरले का?

सेन्सेक्सच्या आकड्याला १० ग्रॅम सोन्याच्या रुपयांतील भावाने भागले की जो आकडा येतो, तो म्हणजे सेन्सेक्स-सोने गुणोत्तर. रेषा वर गेली तर लोक जोखीम घ्यायला तयार आहेत आणि खाली आली तर सोन्याचा आसरा शोधत आहेत, असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो. तो अनेकदा बरोबर ठरतो, पण नेहमीच नाही.

जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर आणि सोने ११ हजारांच्या आसपास होते. गुणोत्तर साधारण १.९. मार्च २००९ मध्ये सेन्सेक्स आठ हजारांपर्यंत कोसळला, सोने १५ हजारांवर गेले आणि गुणोत्तर ०.५३ च्या जवळ आले. कोरोनाच्या धक्क्यात, २३ मार्च २०२० रोजी, सेन्सेक्स २६ हजारांखाली बंद झाला. सोने ४१ हजारांच्या आसपास होते, म्हणजे गुणोत्तर ०.६३. दोन्ही वेळा भीती खरी होती.

आता ऑक्टोबर २०२५ पाहा. महिन्याच्या मध्यावर सेन्सेक्स ८४ हजारांच्या जवळ, तर सोने १ लाख २८ हजारांच्या आसपास होते. गुणोत्तर ०.६५, म्हणजे जवळपास कोरोनाइतकेच! पण शेअर बाजार विक्रमी पातळीपासून फार दूर नव्हता. बाजारातील अस्वस्थता मोजणारा इंडिया व्हीआयएक्स मार्च २०२० मध्ये ८० च्या वर गेला होता, इथे तो १०-१२ च्या घरात होता. भागाकार सारखाच आला, पण या वेळी तो छेदामुळे.

रशियाची परकीय गंगाजळी २०२२ मध्ये गोठवली गेल्यानंतर जगभरातील मध्यवर्ती बँकांनी सोने खरेदी वाढवली. २०२२ ते २०२४ या तिन्ही वर्षांत ही खरेदी एक हजार टनांहून अधिक होती. डोंबिवलीतल्या एसआयपीवाल्याच्या मनःस्थितीशी तिचा संबंध फारच थोडा.

भारतात आणखी एक गोम आहे. इथल्या भावात डॉलरचा दर आणि आयात शुल्कही मिसळलेले असते. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरील शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आले आणि वायदे बाजारात भाव सुमारे चार हजार रुपयांनी आपटला. सेन्सेक्स त्या दिवशी जेमतेम ७३ अंकांनी खाली होता. तरीही गुणोत्तर १.१० वरून १.१७ पर्यंत उडाले. लोकांचे धाडस काही एका दुपारीत वाढले नव्हते!

म्हणून या एकाच रेषेवरून ‘बाजारात भीती’ असे मथळे देणे घाईचे आहे. रेषा घसरलेली दिसली की आधी अंश आणि छेद वेगवेगळे पाहावेत. सेन्सेक्सही पडला आहे आणि व्हीआयएक्सही चढला आहे, तर तिला भीती म्हणता येईल. एकटे सोने चढले असेल, तर प्रश्न शेअर बाजाराला नव्हे, सोन्याला विचारायचा: नेमके कोण खरेदी करत आहे आणि रुपया किती घसरला?