चार ऑप्शन आणि एक लपलेलं व्याज

बॉक्स स्प्रेडबद्दल इंटरनेटवर दोन प्रकारची माणसं बोलतात. एकाला तो फुकटचा पैसा वाटतो, दुसऱ्याला जुगार. माझं म्हणणं सरळ आहे: ते कर्ज आहे. जरा वेगळ्या कपड्यांतलं, इतकंच.

अमेरिकेतल्या SPX चे, म्हणजे एस अँड पी 500 निर्देशांकाचे ऑप्शन घ्या. एकाच मुदतीचे, समजा वर्षभराचे. 5000 चा कॉल विका, 6000 चा कॉल घ्या. 6000 चा पुट विका, 5000 चा पुट घ्या. आता मुदतीला निर्देशांक 5300 वर आला तर? विकलेल्या कॉलवर 300 द्यायचे, विकलेल्या पुटवर 700. एकूण 1000. 6400 वर आला तर कॉलवर 1400 द्यायचे, पण दुसऱ्या कॉलचे 400 मिळतात. पुन्हा 1000. बाजार कुठेही जावो, तुमचं देणं ठरलेलं.

म्हणजे वर्षानं 1000 द्यायचे, आणि आज हातात किती येतात? समजा 955 आले (आकडा उदाहरणाचा आहे). मग दर असा:

```
(1000 - 955) / 955 = 4.71%
```

एक पॉइंट म्हणजे 100 डॉलर, तेव्हा आज 95,500 घेतले आणि वर्षानं एक लाख फेडायचे. हा दर कुणी बँकवाला ठरवत नाही, चार किमतींतून तो आपोआप बाहेर पडतो. सहसा सरकारी ट्रेझरी बिलापेक्षा थोडा वर असतो आणि ब्रोकरच्या मार्जिन व्याजापेक्षा बराच कमी. हीच चौकडी उलटी केलीत की तुम्ही सावकार!

पण घाई नडते. चारही ऑप्शन एकत्र, लिमिट ऑर्डर लावूनच विकायचे. 955 ऐवजी 950 मिळाले की दर थेट 5.26 टक्के. आणि तारण म्हणून ठेवलेले शेअर कोसळले तर ब्रोकर मार्जिन मागणारच, तिथे बॉक्स तुम्हाला वाचवत नाही.

खरी मेख मात्र ऑप्शनच्या प्रकारात आहे. SPX चे ऑप्शन युरोपियन, म्हणजे मुदतीआधी कुणी वसूल करू शकत नाही. जानेवारी 2019 मध्ये एका पठ्ठ्यानं हाच बॉक्स UVXY वर विकला. ते ऑप्शन अमेरिकन! समोरच्यांनी मुदतीच्या कितीतरी आधी हक्क बजावला, चौकट मोडली, आणि पाच हजार डॉलरच्या खात्यात 57 हजारांहून जास्त तोटा झाला. गणित बरोबर होतं हो, पण सावकार हवं तेव्हा दारात येऊ शकतो, हे त्यात धरलंच नव्हतं.

आपल्या निफ्टीचे ऑप्शनही युरोपियनच आहेत. पण विकलेल्या प्रीमियमवर एसटीटी लागतो, वर ब्रोकरेज. महिन्याभराच्या बॉक्समधलं व्याज मुळात इतकं बारीक, की त्यातला मोठा घास तिथेच जातो. त्यामुळे निफ्टीचा बॉक्स मी नुसता दर बघायला मांडतो, विकत नाही.