घाई आणि दिरंगाई

सालाबादप्रमाणे हा अंक सिद्ध होत असताना, कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याविषयी कर्मचाऱ्यांपुढे बोलावे, असे निमंत्रण आम्हांस एका कचेरीतून आले; तेथे जे सांगितले, त्याचा सारांश यंदा संपादकीयाच्या जागी देत आहोत.

दहा वा अधिक माणसे जेथे काम करतात तेथे अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे, तिची अध्यक्षा वरिष्ठ पदावरील स्त्री असावी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असाव्यात, आणि ज्याची बढती साहेबांच्या मर्जीवर अवलंबून नाही असा एक सदस्य बाहेरचा असावा, एवढे बहुतेकांच्या कानांवर आलेले असते. परंतु तक्रार हाती आल्यावर पुढे करावयाचे काय, याविषयी खुद्द समितीतच पुष्कळदा संभ्रम आढळतो. घटनेपासून तीन महिन्यांच्या मुदतीत लेखी तक्रार यावी, आणि जिला ती लिहिता येत नसेल तिला समितीने साह्य करावे. तक्रारीची प्रत कामकाजाच्या सात दिवसांत प्रतिपक्षास द्यावी, त्याची कैफियत कामकाजाच्याच दहा दिवसांत घ्यावी, दोघांचे साक्षीदार ऐकावेत आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवावी, असा हा क्रम आहे. समेटाचा विचार त्या स्त्रीनेच विनंती केली तर व्हावा, आणि तोही पैशांच्या देवघेवीवर नव्हे. तक्रार दप्तरात पडून राहिली, किंवा ‘घरातल्या घरात मिटवू’ म्हणून तक्रारदार स्त्रीची समजूत घातली गेली, तर तो कायद्याचा भंगच होय.

दिरंगाईचा हा दोष सर्वांस दिसतो. घाईचा दिसत नाही. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ साली विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या, समितीने एकामागून एक बैठका घेऊन चौकशी उरकली, आणि पुढे त्यांस बडतर्फ करण्यात आले. परंतु बचावास पुरेसा अवसर दिला नाही, एवढ्याच कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या मे महिन्यात ती बडतर्फी रद्द ठरवून प्रकरण पुनश्च समितीकडे धाडले. आरोप खरे की खोटे, हा प्रश्न चौदा वर्षांनंतरही अनिर्णीतच राहिला, आणि ज्यांनी धैर्य करून तोंड उघडले त्यांच्या पदरी पुन्हा साक्षच आली. प्रतिपक्षास दिलेली संधी ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नसून तक्रारदार स्त्रीच्या निकालाला दिलेली बळकटी आहे, हे समितीच्या प्रत्येक सदस्याने ध्यानी धरावे.

समिती नेमल्याचा हुकूम ठळक जागी लावणे मालकावर बंधनकारक आहे. सुट्टी संपवून कामावर रुजू व्हाल त्या दिवशी, वाचकहो, तो हुकूम शोधा. बाहेरच्या सदस्याचे नाव त्यात नसेल, तर ते का नाही, असे लेखी विचारा.