ठेव शाबूत, मोल उणे

मालवण तालुक्यातील कट्टा असो वा कोकणातील दुसरे एखादे गाव असो, मुंबईत उमेद खर्ची घालून गावी परतणाऱ्या चाकरमान्याचा आधार बहुधा एकच असतो : फंडाची मिळालेली रक्कम व तिच्या मुदतठेवीवर येणारे व्याज. ठेवीच्या पावतीला चोराचे वा वाळवीचे भय नाही, असे मानून तो निर्धास्त असतो. परंतु पावतीवरील आकडा जागच्या जागी राहतो आणि त्याचे मोल मात्र घटत जाते. ही घट कोणत्याही पासबुकात नोंदली जात नाही, म्हणूनच तिचा हिशेब एकदा मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अलीकडचेच एक वर्ष घेऊ. एप्रिल २०२१ मध्ये मोठ्या सरकारी बँका एक वर्षाच्या ठेवीवर सुमारे ५ टक्के व्याज देत होत्या. कोणी एक लाख रुपये ठेवले असते तर वर्षाअखेर त्याच्या हाती एक लाख पाच हजार पडले असते. इकडे एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ भाववाढीचा वार्षिक दर ७.७९ टक्क्यांवर पोचला होता. म्हणजे जो बाजार आदल्या वर्षी लाखात होत असे, त्यास आता एक लाख सात हजार सातशे नव्वद रुपये लागत होते. व्याजाचा एक पैसाही खर्च न करता ठेवीदार सुमारे अठ्ठावीसशे रुपयांनी मागे पडला. ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धा टक्का अधिक मिळाला असला, तरी तूट उरतेच. शिवाय जो प्राप्तिकरास पात्र आहे त्याला कर द्यावा लागतो तो संपूर्ण पाच हजारांवर. मुद्दलाची झीज कर आकारताना वजा होत नाही.

ठेवीदाराने जे गमावले ते कोणाच्या पदरात पडले? स्थिर व्याजाने ज्याने कर्ज घेतले होते त्याच्या. कारण त्याने घेतले भारी रुपये व परत केले हलके. देशातील सर्वांत मोठा ऋणको म्हणजे स्वतः सरकार. कायदेमंडळाची संमती न घेता वसूल होणारा हा एक करच होय. नोटा व व्याजदर यांचा कारभार सरकारी खजिन्याच्या गरजेपासून काहीसा दूर, मध्यवर्ती बँकेच्या हाती ठेवण्याचे मर्म येथेच आहे.

रिझर्व्ह बँकेने कोरोनाच्या संकटात, मे २०२० पासून, रेपो दर ४ टक्क्यांवर ठेवला होता. मे २०२२ पासून तो चढवीत तिने फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा टक्क्यांवर नेला. यावर आक्षेप असा की, युक्रेनच्या युद्धाने तेल महागले व अवकाळी पावसाने भाजी नासली, तर व्याजदर वाढवून त्या वस्तू थोड्याच पिकणार? आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. बँक कांदा पिकवू शकत नाही. मात्र एका वस्तूची टंचाई सर्व वस्तूंच्या दरवाढीत रूपांतरित होण्यास ती आळा घालू शकते. भाव वाढतच राहणार अशी एकदा खात्री पटली की व्यापारी आधीच दर चढवतो, कामगार अधिक वेतन मागतो आणि भाववाढच भाववाढीला जन्म देते. कर्ज महाग झाले की मागणी मंदावते व ही साखळी तुटते. त्याची किंमत उद्योगांना आणि घरासाठी कर्ज काढणाऱ्या तरुणांना मोजावी लागते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दरसाल ७ टक्क्यांच्या भाववाढीने रुपयाचे मोल दहा वर्षांत निम्मे होते. ४ टक्क्यांनी त्यास अठरा वर्षे लागतात. साठीत निवृत्त झालेल्या माणसाच्या आयुष्यात हे अंतर लहान नव्हे.

२०१६ च्या कायदादुरुस्तीनुसार हे लक्ष्य ४ टक्के ठरले, दोन्हीकडे दोन टक्क्यांची सूट देऊन. सलग तीन तिमाह्या मर्यादा ओलांडली गेली तर बँकेने सरकारला कारणे कळवावीत असे बंधनही घालण्यात आले. २०२२ मध्ये तसा प्रसंग प्रथमच आला. नोव्हेंबरात खुलासा गेला, पण तो त्या वेळी जनतेपुढे ठेवण्यात आला नाही. हे आम्हांस मान्य नाही. ज्यांचे मुद्दल झिजले त्यांना कारण समजण्याचा अधिकार असलाच पाहिजे.

पुढे २०२५ मध्ये भाववाढीचा दर दोन टक्क्यांच्याही खाली उतरला. मात्र दर उतरणे म्हणजे भाव उतरणे नव्हे. त्यांचा वाढण्याचा वेग तेवढा मंदावतो. २०२२ साली झिजलेला रुपया त्यामुळे भरून आलेला नाही. यास्तव ठेवीदाराने बँकेच्या फलकावरील व्याजाचा आकडा एकटा न वाचता त्यातून भाववाढीचा दर वजा करून वाचावा. उरते तेवढेच त्याचे उत्पन्न. आणि काहीच उरत नसेल, तर तो व्याजाच्या नावाने आपले मुद्दलच खात आहे.