अलार्म वाजतो, माणूस उठतो का?

मानदुखीच्या पेशंटला आपण सगळेच सांगतो, ‘मोबाइलवर दर अर्ध्या तासाला रिमाइंडर लावा आणि स्ट्रेचिंग करा.’ पुढच्या भेटीत दुखण्याची चौकशी होते, रिमाइंडरची होत नाही.

मध्यंतरी हिशेबाचं काम करणाऱ्या एका बाईंना मी अलार्म दाखवायला सांगितले. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा, दिवसाला अठरा. दोन दिवस त्या नेमाने उठल्या. तिसऱ्या दिवसापासून अंगठा न बघताच अलार्म बंद करू लागला. “व्हाउचरची एंट्री अर्धी झालेली असते. तेवढ्यात उठले की आकडा डोक्यातून जातो,” त्या म्हणाल्या. हा आळस नव्हे. कामाच्या मध्येच उठायला सांगणारी आपली सूचनाच चुकली होती.

मग सोळा अलार्म काढून टाकले. व्हाउचरचा एक गठ्ठा संपला की उभं राहायचं, फोन आला की उभ्यानेच बोलायचं, एवढं ठरलं. साडेअकरा आणि चारचे अलार्म ठेवले. त्या वेळी दोनच हालचाली: हनुवटी सरळ मागे ओढून पाच सेकंद धरायची, असं पाच वेळा, आणि खुर्चीच्या पाठीवर टेकून छातीचा मणका हळूच मागे वाकवायचा, तोही पाच वेळा. तीन आठवड्यांत संध्याकाळचा खांद्यांचा जडपणा बराच उतरला.

मान मात्र दुखतच राहिली. त्यांना कामाच्या जागी बसलेलं पाहिलं तेव्हा कारण कळलं. चष्मा प्रोग्रेसिव्ह, वाचायचा नंबर काचेच्या खालच्या भागात, आणि मॉनिटर उंच. अक्षर दिसावं म्हणून त्या दिवसभर हनुवटी वर करून बसत होत्या. ‘ताठ बसा’ हा रिमाइंडर तिथे कितीही वेळा वाजला तरी डोळे मानेला पुन्हा मागेच नेणार. मॉनिटर खाली घेतला, तेव्हा फरक पडला.

अमेरिकेत डेटा एंट्री करणाऱ्यांवर गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांचा 2007 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्या कामाचा आहे. नेहमीच्या सुट्ट्यांखेरीज तासागणिक पाच मिनिटांच्या जादा सुट्ट्या दिल्यावर अंगदुखी कमी झाली आणि कामाचा उरकही घटला नाही. स्ट्रेचिंग शिकवलेल्या गटाने मात्र निम्म्याहून कमी सुट्ट्यांत ते केलं. म्हणून माझा आग्रह असा की, रिमाइंडरने आधी माणसाला खुर्चीतून उठवावं. एकाच स्थितीत खिळून राहणं मोडलं की बरंचसं साधतं, स्ट्रेचिंग त्यानंतर.

हातात मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल किंवा रात्री दुखण्याने झोपमोड होत असेल, तर अलार्म सुचवण्याआधी नीट तपासणी करा. बाकीच्यांना पुढच्या भेटीत पहिला प्रश्न हा विचारा: काल किती वेळा वाजला, आणि त्यातल्या किती वेळा उठलात?