चार की आठ?

मागच्या हिवाळ्यात एके दुपारी आमच्या दारात एक नवराबायको उभे होते. मुर्शिदाबादहून उपचारासाठी मुंबईला आलेले. बाईंना बंगालीखेरीज काही येत नव्हते, भाऊंचे हिंदी चार शब्दांपुरते. आम्ही सलाम केला, छातीवर हात ठेवला, त्यांनी जवाब दिला आणि चेहऱ्यावरचा ताण उतरला. सलामला तर्जुमा लागत नाही.

मग पाणी. ‘पानी’ हा शब्द बंगाली मुसलमान घरांत आपल्यासारखाच बोलतात. फक्त ते पाणी ‘पितात’ म्हणत नाहीत, ‘खातात’ म्हणतात. म्हणून ‘पानी खाबेन?’ असे विचारले की पाहुणा लगेच हात पुढे करतो. भाताला ते भातच म्हणतात, औषधाला ‘ओशुध’. ‘कोथाय’ म्हणजे कुठे. एवढ्या शब्दांवर एक दुपार निघते.

आम्ही एक चूक मात्र केली. ‘सगळे ठीक होईल’ असे सांगायला आमच्या मुलाने अंगठा वर केला. बाई गोंधळल्या. बंगालमध्ये जुन्या माणसांच्या लेखी अंगठा दाखवणे म्हणजे ‘काही मिळणार नाही’ असे चिडवणे. त्यापेक्षा उघडा तळहात आणि हसरा चेहरा बरा.

खरी कसोटी पुढे होती. भाऊंनी एक चिठ्ठी काढली. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने डॉक्टरांच्या भेटीची वेळ लिहून घेतली होती. आम्ही पाहिले, आठ. म्हणालो, ‘रात्री आठला ना? मग आराम करा, जेवून जा.’ ‘आठ’ तेवढे त्यांना कळले असावे. ते जोरजोराने मान हलवू लागले आणि चार बोटे वर केली. घड्याळात तेव्हा तीन वाजले होते.

बंगाली लिपीतला चार हुबेहूब इंग्रजी आठसारखा दिसतो. तिथला सातही इंग्रजी नऊसारखा वाटतो. आम्ही आमच्याच वाचण्यावर विसंबलो असतो तर त्यांची वेळ चुकली असती.

तेव्हापासून आमच्या घरात एक रीत पडली आहे. वेळ, खोली किंवा बसचा नंबर कागदावरून घ्यायचा नाही. बोटे उभी करायची, वेळ असेल तर घड्याळाचा काटा दाखवायचा, आणि मग पाहुण्याकडून तेच परत दाखवून घ्यायचे. नुसत्या होकारावर जायचे नाही. परक्या गावात माणूस न समजताही अदबीने ‘हो’ म्हणतो.

त्या दिवशी आमचा मुलगा रिक्षातून त्यांना पोहोचवायला गेला. निघताना बाईंनी आमच्या घरच्यांचा हात दोन्ही हातांत धरला. त्या काय बोलल्या ते शब्द कळले नाहीत, पण दुआ होती एवढे कळले.