तीनशे घरांचा बाजार

गेल्या वर्षी छोट्या उद्योजकांसाठीच्या एका चार दिवसांच्या शिबिराला गेलो होतो. तिथल्या प्रशिक्षकांनी पडद्यावर चार ‘पी’ दाखवले, बाजाराचे तुकडे कसे पाडायचे ते सांगितलं आणि मला विचारलं, ‘तुमचा टार्गेट सेगमेंट कोणता?’ मी म्हणालो, ‘चौक–कर्जत रस्त्यावरची बंगलेवाली माणसं.’ ते हसले. ‘हा सेगमेंट नाही. आधी सर्व्हे करा. उलाढालीच्या पाच टक्के रक्कम जाहिरातीसाठी बाजूला काढा.’

माझी फर्म लोधिवलीत आहे. मी, धाकटा भाऊ आणि एक मदतनीस, एवढाच पसारा. आम्ही पाण्याच्या टाक्या साफ करतो. त्या प्रशिक्षकांवर माझा राग नाही, पण त्यांनी दिलेला सल्ला चुकीचा होता. तो आमच्यासारख्या हजारो लोकांना रोज दिला जातो आणि ते कर्ज काढून तो पाळतात. म्हणून हे लिहितो आहे.

मीही तो एकदा पाळला होता. दोन हजार पत्रकं छापली, वर्तमानपत्रात घालून वाटली, वर फेसबुकवर पैसे भरून जाहिरात केली. सगळे मिळून अकरा हजार गेले. सात फोन आले, त्यातलं एक काम झालं. आमच्याकडची बंगलेवाली माणसं सोमवार ते शुक्रवार मुंबईत असतात. पत्रक पडतं ते बंद फाटकात, पावसात भिजतं आणि वॉचमन त्यावर पोहे ठेवून खातो.

आता साधा हिशेब मांडू. तीन माणसं दिवसाला दोन टाक्या करतात. वर्षाचे 300 दिवस धरले तर 600 कामं होतात. एका घराची टाकी वर्षातून दोनदा साफ होते, म्हणजे मला लागतात 300 घरं. तीनशे एक झालं तर तिथे जायला माझ्याकडे माणूस नाही. पुस्तकातलं मार्केटिंग ज्या कंपन्यांसाठी लिहिलंय, त्यांना लाखो अनोळखी ग्राहक लागतात. ती माणसं ओळखता येत नाहीत, म्हणून त्यांचे वय, उत्पन्न, सवयी असे गट पाडावे लागतात. सर्व्हे आणि जाहिरात ही त्या अनोळखीपणावरची महागडी औषधं आहेत. तीनशे घरं मी नावानिशी, कुत्र्यांच्या नावांसकट ओळखू शकतो. मला तो आजारच नाही, तर औषध कशाला?

दुसरी गोष्ट क्रमाची. पुस्तक म्हणतं, आधी बाजार निवडा, मग गरज शोधा, मग माल बनवा. आमचं उलटं झालं. अब्बांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. एका फार्महाऊसची मोटर वर्षात तिसऱ्यांदा आली, तेव्हा मी जाऊन टाकीत डोकावलो. तळाशी वीतभर गाळ, फूटव्हॉल्व्ह त्यात रुतलेला. मोटर बिघडत नव्हती, टाकी तिला बिघडवत होती. मी मालकाला सांगितलं, ते म्हणाले, ‘मग तूच साफ कर.’ धंदा असा सुरू झाला. हातात जे होतं आणि ज्यांना ओळखत होतो, तिथून.

सरस्वती नावाच्या एका संशोधक आहेत, सारस सरस्वती. उद्योजक कसा विचार करतात यावरच्या 2001 सालच्या लेखात त्यांनी एका काल्पनिक भारतीय उपाहारगृहाचं उदाहरण घेतलं आहे. कोटलरच्या पद्धतीने जायचं तर आधी शहराचा अभ्यास, मग गट, मग भांडवल. हातात पैसे नसलेला माणूस मात्र ओळखीच्या कुणाच्या ऑफिसात जेवण पोहोचवून सुरुवात करू शकतो, आणि खाणारेच त्याला पुढची दिशा देतात. त्यांचा दुसरा मुद्दा मला जास्त पटला: नफा किती होईल हे विचारू नका, किती बुडालं तर चालेल हे विचारा.

आम्ही ते करून पाहिलं. साठेक बंगल्यांची एक स्कीम आहे. तिच्या ऑफिसची टाकी आम्ही फुकट धुतली. अर्ध्या दिवसाची मजुरी आणि पेट्रोल मिळून नऊशे रुपये. गेले असते तर गेले असते. गाळ उपसला, भिंती घासल्या, ब्लीचिंग पावडरचं पाणी लावून अर्धा तास ठेवलं, दोनदा धुतलं. आधीचा आणि नंतरचा फोटो मॅनेजरला पाठवला. त्यांनी तो रहिवाशांच्या ग्रुपवर टाकला. पुढच्या महिन्यात अकरा बंगल्यांची कामं आली.

त्या फोटोनेच आम्हाला आमचा माल कळला. मालक मुंबईत असतो. टाकी धुतली की नुसतंच पाणी बदललं, हे त्याला कळायला मार्ग नसतो. तो आमच्याकडून सफाईइतकाच पुरावा विकत घेतो. कुठल्याही प्रश्नावलीत हे आलं नसतं, कारण असा प्रश्न विचारायचा हे मलाच माहीत नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक टाकीवर आम्ही रंगाने तारीख, पुढची तारीख आणि फोन नंबर लिहितो. चाळीस रुपयांचा रंगाचा डबा कित्येक टाक्यांना पुरतो, आणि जो माणूस झाकण उघडतो त्यालाच नेमकी ती जाहिरात दिसते.

यावर कुणी म्हणेल, मग तोंडी प्रसिद्धी म्हणजे सगळं काही. तसंही नाही, आणि इथे आमच्यासारखे लोक स्वतःला फसवतात. पहिल्या वर्षी आमची बहुतेक कामं ओळखीपाळखीतून, मोहल्ल्यातल्या नात्यागोत्यातून आली. सहाव्या महिन्यात ती अचानक आटली. शब्द ओळखीच्या वर्तुळात फिरतो आणि वर्तुळ संपलं की थांबतो. हे आधी कळावं म्हणून आता प्रत्येक फोनवर विचारतो, ‘कुणी सांगितलं?’ आणि वहीत नाव लिहितो. शेवटची दहा नावं दोनच माणसांची असतील, तर धंदा त्या दोघांच्या मर्जीवर उभा आहे असं समजावं.

एका वॉचमनने एकदा प्रत्येक कामामागे दोनशे रुपये मागितले. मी दिले नाहीत. दोनशेला विकला जाणारा शब्द उद्या कुणी अडीचशेला घेईल. आणि वाईट शब्द तर फुकट धावतो. एकदा घाईत शेवटचं धुणं नीट झालं नाही, पाण्याला ब्लीचिंगचा वास राहिला. त्याच ग्रुपवर तक्रार पडली आणि सहा बंगले गेले. टाकी पुन्हा धुतली, पैसे परत केले. तरी दोनच परतले.

पुस्तक खोटं आहे असं मी म्हणत नाही. उद्या तीन गाड्या आणि पंधरा माणसं ठेवली, तर मलाही अनोळखी माणसांपर्यंत जावं लागेल आणि तेव्हा ते उघडेन. विको घ्या. त्यांच्या जाहिराती आपल्या पिढीला तोंडपाठ आहेत. पण 1952 साली केशव पेंढरकरांनी सुरुवात केली ती परळमध्ये, दारोदार फिरून माल विकत. शिबिरात जाहिरात दाखवतात, दारं दाखवत नाहीत.

म्हणून पुढच्या शिबिराच्या प्रशिक्षकांना एकच विनंती. समोरच्याला सेगमेंट विचारण्याआधी हे विचारा: तुम्हाला नेमकी किती गिऱ्हाइकं लागतात, आणि त्यातल्या किती जणांची नावं तुम्हाला आज माहीत आहेत? माझं उत्तर तयार आहे. तीनशे लागतात, एकशे ऐंशी माहीत आहेत. उरलेल्या एकशेवीसांसाठी मला बजेट नको. रंगाचा एक डबा आणि नीट धुतलेल्या टाक्या पुरतील.